रुग्णाचा शब्द मध्येच धुऊ नका : सांगली-मिरजेतल्या रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
सांगली-मिरजेतल्या रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका आणि विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

मी तेवीस वर्षं मिरजेतल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केलं. माझं माहेर अथणीचं, त्यामुळे कन्नड घरचीच. जतच्या पूर्व भागातून किंवा हद्दीपलीकडून अथणी, चिक्कोडी, विजापूरकडून पेशंट आला आणि त्याचं बोलणं डॉक्टरांना कळेना, की मला हाक यायची, "सिस्टर, जरा इकडं या, हे काय म्हणतायत बघा." दुभाष्याचं काम मला कुणी नेमून दिलं नव्हतं, ते अंगावर पडलं. तुमच्याकडे आजही ते असंच कुणाच्या तरी अंगावर पडतं. कधी सिस्टरच्या, कधी वॉर्डातल्या मामा-मावशींच्या, कधी पेशंटबरोबर आलेल्या पुतण्याच्या.

मिरजेला हे नवं नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय काढलं, तेव्हापासून कानडी मुलखातला पेशंट मिरजेला येतो. आता त्यात डॉक्टरांची भाषाही मिसळली आहे. शासकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, म्हणून कॅज्युअल्टीत रात्री बसलेला निवासी डॉक्टर राजस्थानचा असतो, केरळचा असतो. त्याला पुस्तकी हिंदी येते. समोरच्या आजोबांना माणदेशी मराठी येते, नाहीतर जतची कन्नड. या दोघांच्या मध्ये उभं राहणाऱ्या माणसाबद्दल, आणि तो माणूस लाजून जे गिळून टाकतो त्याबद्दल मला लिहायचं आहे.

आधी माझी चूक सांगते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पहाटे साडेसहाला जतकडून एका जीपमधून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आणलं. बरोबर वडील. मुलगा वाकून चालत होता आणि दारातच त्याला उलटी झाली. रात्री दोनला दुखण्यानं झोपेतून उठला होता. निवासी डॉक्टर माझ्याच वयाचा, उत्तरेकडचा. मला बोलावलं. मुलानं एकदा वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "अक्का, बीज म्याल एरैति." आणि उजव्या मुठीनं पिळल्यासारखं करून दाखवलं.

कन्नडमध्ये बीज म्हणजे बी. गावाकडच्या बोलण्यात बीज म्हणजे वृषणसुद्धा, आपल्याकडे गोटी म्हणतात तसंच. तो सांगत होता, गोटी वर चढली आहे आणि पिळवटल्यासारखं होतंय. मला शब्द लगेच कळला. हिंदीतही मला तो माहीत होता, आणि डॉक्टरलाही कळला असता. पण समोर मुलाचे वडील, बाजूला माझ्या वयाचा परका पुरुष, मागे बाकावर चार माणसं. मी म्हणाले, "पेट में नीचे दर्द है, रात से. उल्टी भी हुई."

यात खोटं काहीच नव्हतं. पोटात खाली दुखतही होतंच, कारण या आजारात कळ मांडीच्या सांध्यातून ओटीपोटात जाते. पण डॉक्टरचा हात माझ्या वाक्यामागून गेला. त्यानं पोट दाबलं, कमरेच्या बाजूला ठोकून पाहिलं. उजवीकडे कळ, उलट्या, तरुण मुलगा, म्हणून मुतखडा धरला. वेदना कमी करणारं इंजेक्शन, सलाईन, लघवीची तपासणी, पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी. इंजेक्शननं मुलगा थोडा शांत झाला आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं साफ निघाली. दुपारी तीन वाजता सर्जरीचे वरिष्ठ डॉक्टर राउंडला आले. त्यांनी पडदा ओढून चादर बाजूला केली. उजवी बाजू सुजून लाल झाली होती, गोटी दगडासारखी कडक आणि वर सरकलेली. चार वाजता शस्त्रक्रिया झाली. वृषणाला रक्त नेणारी दोरी पिळून बसली होती, वृषण काळं पडलं होतं. ते काढावं लागलं. डाव्या बाजूचं तसंच पिळू नये म्हणून टाके घालून जागी बसवलं.

दोनपासून चारपर्यंत चौदा तास. हा आजार पौगंडावस्थेत जास्त दिसतो आणि त्यात घड्याळच सगळं ठरवतं. पीळ ६ तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. १२ तासांनंतर वाचण्याची आशा निम्म्यावर येते, आणि २४ तासांनंतर क्वचितच वाचतं. तो मुलगा साडेचार तासांनी आमच्या दारात उभा होता. हातात दीड तास होता.

असा खालचा दुखावा असलेल्या मुलाचे जननेंद्रिय पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, हे डॉक्टरांना शिकवलेलं असतं. त्या सकाळी गर्दीत ते राहिलं. तो भाग त्यांचा. पण मुलानं सांगितलेलं मी गिळलं, तो भाग माझा, आणि या पत्रात मी तेवढंच बोलते आहे.

त्या वाक्यात काय काय होतं ते मला पुढे कळलं. वृषणाचा पीळ ओळखायला डॉक्टर आता ट्विस्ट नावाची ७ गुणांची मोजणी वापरतात. सुजेला २ गुण, कडकपणाला २, मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर वृषण वर उचललं जातं ती हालचाल नसेल तर १, मळमळ किंवा उलटीला १, आणि वृषण वर सरकलेलं असेल तर १. यातल्या दोन गोष्टी त्या अडाणी म्हटलेल्या मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्या होत्या. उलटी मी पोचवली, कारण उलटी सभ्य आहे. वर चढलेली गोटी मी गाळली. आणि गुण मोजायचे ते कुठल्या अवयवाचे, ते सांगणारा शब्दही तिच्याबरोबरच गेला.

माझं सगळं म्हणणं इथंच आहे. आपण ज्याला घाण शब्द म्हणतो, तो बहुतेक वेळा जागेचा नेमका शब्द असतो. सभ्य शब्द ती जागा पुसतो. "खाली जळजळतंय" हे वाक्य ऐकायला बरं, पण खाली म्हणजे लघवीच्या वाटेला, योनीत, की संडासच्या जागी? तीन वेगळ्या तपासण्या, तीन वेगळी औषधं. बाई आपल्या भाषेत "मुतताना आग होते" म्हणाली असेल, तर तिनं जागाही सांगितली आणि वेळही सांगितली. तिचं "खाली जळजळतंय" करणाऱ्यानं दोन्ही काढून घेतलं.

आणि घाण म्हणायचं तरी कुणी? आटपाडीच्या आजीला मुतणं, हागणं, ढुंगण हे शिवराळ शब्द नाहीत. तिच्याकडे दुसरे शब्दच नाहीत. लघवी, संडास, शौच हे शाळेतून आणि दवाखान्याच्या पाट्यांवरून आलेले. तिच्या तोंडून ते शब्द निघाले की मध्ये उभा असलेला माणूस हसतो, आणि आजी गप्प होते. ती पुढचं सांगतच नाही. मायांग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरून बाहेर डोकावतं, हे दुखणं बायका वर्षानुवर्षं लपवतात. अशी एखादी बाई धीर करून "बसल्यावर खालनं गोळा भायेर येतोय" म्हणते आणि मधला माणूस मान फिरवून "मूळव्याध है" म्हणतो. तिची तपासणी मग चुकीच्या टेबलावर होते.

आणखी एक पेशंट सांगते, कारण त्यात कन्नड नव्हती. पेशंट मराठी बोलतो तेव्हाही हेच होतं. साठी उलटलेले गृहस्थ, तासगावकडचे. ते म्हणाले, "जोर केल्याशिवाय मुतायला सुरुवातच व्हत न्हाई. धार पायावरच पडतीया. चार थेंब मुततो, उठतो, परत बसतो." निवासी डॉक्टर केरळचे. मध्ये उभ्या असलेल्या मामांनी इज्जतीनं सांगितलं, "पेशाब की तकलीफ है." लघवीची आणि साखरेची तपासणी झाली, जंतुसंसर्गाची गोळी मिळाली. दहा दिवसांनी ते लघवी पूर्ण अडकून आले, ओटीपोट बेंबीपर्यंत टम्म. नळी घालावी लागली. त्यांच्या तीन वाक्यांत प्रोस्टेट वाढल्याची लक्षणं ओळीनं होती. सुरू व्हायला जोर लागतो, धार क्षीण आहे, पिशवी रिकामी होत नाही. "धार पायावर पडतीया" हे तर मी अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात इतक्या चांगल्या शब्दांत वाचलेलं नाही. मामांनी ते वाईट हेतूनं गाळलं नाही. वडीलधाऱ्या माणसाची अब्रू झाकली असं त्यांना वाटलं.

अमेरिकेत २००३ मध्ये बालरुग्णांच्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा दुभाष्यांच्या ३९६ चुका सापडल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गाळण्याच्या होत्या. तिथल्या आरोग्य-दुभाष्यांच्या राष्ट्रीय परिषदेनं २००५ मध्ये कामाचे निकष लिहिले. वाढवायचं नाही, गाळायचं नाही, बदलायचं नाही, आणि बोलणाऱ्याची भाषा ज्या पातळीची असेल ती तशीच ठेवायची. हा शेवटचा भाग आपल्याकडे कुणाला सांगितलेलाच नसतो.

पातळी ठेवायची म्हणजे खालीही खेचायची नाही. आमच्याकडे "च्यायला" हा श्वासासारखा येतो. "च्यायला, रातभर मुततोय" म्हणणारा माणूस शिवी देत नसतो. त्याचं हिंदीत आईवरून शब्दशः भाषांतर केलं तर डॉक्टरला वाटेल, हा माणूस भांडायला आलाय. तिथं "अरे, रात भर मूत रहा हूँ" एवढंच बरोबर. पण एखादा कळीनं तळमळत खरोखरच आईबहिणीवरून ओरडतो, तेव्हा त्या शिवीचं काम दुखणं किती आहे ते सांगणं असतं. मी तेव्हा डॉक्टरांना म्हणते, "ते शिवी देऊन सांगतायत, सहन होत नाही." शिवीतली आई डॉक्टरांपर्यंत गेली नाही तरी चालेल, तिचा जोर जायला हवा.

आता मी हे काम कसं करायला शिकले ते लिहिते.

सुरुवातीला दोघांनाही तीस सेकंदांत सांगते. पेशंटला त्याच्या बोलीत, "तुम्ही घरात जसं बोलता तसंच बोला, मी जसंच्या तसं सांगणार, मला लाज वाटत नाही." डॉक्टरांना, "पेशंटचे शब्द मी बदलणार नाही, तुम्हाला विचित्र वाटले तरी." हे आधी सांगितलं की नंतर शब्द आला तेव्हा तो माझा राहत नाही, पेशंटचा राहतो. डॉक्टरांकडून निरोप येतो तेव्हा तोही तसाच. डॉक्टर "शौचाला साफ होतं का" म्हणाले, तर मी एकदा तसंच विचारते. आजी नुसत्या बघत राहिल्या, तर डॉक्टरांना सांगून "हागायला साफ होतंय का" विचारते.

बोलताना "मी" वापरते. "याचं म्हणणं आहे की याला…" असं नाही, सरळ "माझी गोटी वर चढली आहे." सव्वीसाव्या वर्षी हेच मला जमलं नसतं असं वाटतं, पण अनुभव उलटा आहे. "याचं ते…" म्हणायला लागलं की शब्द तोंडात अडखळतो. "माझं" म्हटलं की वाक्य पेशंटचं होतं आणि सुटसुटीत बाहेर येतं.

शब्दाला जोड नसेल किंवा दोन अर्थ असतील तर अंदाज करत नाही. "पाणी जातंय" हे बाई अंगावरून पांढरं जाण्याला म्हणते, पुरुष धातूला म्हणतो, आणि हगवण लागलेलाही म्हणतो. "पिशवी" म्हणजे गर्भाशयही आणि लघवीची पिशवीही. तिथं मी डॉक्टरांना उघड सांगते, "शब्द 'पाणी जातंय' असा आहे, त्याचे अर्थ तीन होतात, मी विचारून घेते." मग पेशंटला विचारते. माझ्या एप्रनच्या खिशात माणसाच्या शरीराचं साधं रेखाचित्र असतं, पुढून आणि मागून. बोट ठेवायला सांगते. जे तोंडातून येत नाही ते बोटातून येतं, आणि आजी स्वतःच्या अंगाला हात लावायला लाजत असेल तर कागदाला लावते.

उभी राहते ती पेशंटच्या बाजूला, किंचित मागे. तपासणी सुरू झाली की पडद्याबाहेर, आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर. वडिलांना, सासूला, पुतण्याला त्याआधी दोन मिनिटं बाहेर पाठवायला डॉक्टरांना सांगते. त्या सकाळी वडील बाहेर असते तर मुलगा ते मोठ्यानं म्हणाला असता आणि कदाचित मीही. पुरुष पेशंटला बाई दुभाषी नको असेल, तर मामांना बोलावते, पण मामांना आधी सांगून, की शब्द धुवायचे नाहीत.

लाज जाते ती सरावानं. दुसरा उपाय मला सापडला नाही. मी एक वही केली. डाव्या बाजूला कन्नड, मग सांगली-सातारकडची बोली, मग हिंदी, मग डॉक्टरांचा शब्द. नव्या सिस्टरबरोबर रात्रपाळीला बसून ती मोठ्यानं वाचायची, सपाट आवाजात, जसं आपण ताप, खोकला वाचतो तसं. पहिल्या दिवशी दोघीही हसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते शब्द कोपर आणि गुडघ्यासारखे होतात. एवढं झालं की पेशंटसमोर चेहरा बदलत नाही. पेशंट शब्दापेक्षा आपला चेहरा आधी वाचतो, म्हणून ते महत्त्वाचं.

डॉक्टरांनाही एक सांगायचं आहे, कारण दुभाषी गाळतोय हे तुम्हाला भाषा न येताही ओळखता येतं. पेशंट अर्धा मिनिट बोलला आणि तुमच्याकडे चार शब्द आले. पेशंटचा हात जांघेत आहे आणि भाषांतरात पोट आलं. मध्ये उभा असलेला माणूस हसला, आवाज खाली गेला, "म्हणजे ते… तसलं" असं काही आलं. यातलं काही दिसलं तर थांबा आणि विचारा, "त्यांचा नेमका शब्द काय होता?" शब्द कळला नाही तरी केसपेपरवर तो अवतरणात देवनागरीत लिहून ठेवा. पुढचा डॉक्टर मराठी किंवा कन्नड जाणणारा असेल, तर तो वाचून त्याचा हात योग्य जागी जाईल. "पेन ॲब्डोमेन" एवढंच लिहिलं की मागचा माग बंद होतो. त्या मुलाच्या केसपेपरवर तेच लिहिलं होतं, आणि दुपारपर्यंत ज्यानं तो हातात घेतला त्यानं पोटच पाहिलं.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगते. शब्द जसाच्या तसा पोचला म्हणजे निदान झालं असं नाही. वृषणाचा पीळ असूनही कधीकधी मुलगा फक्त पोटच दुखतंय म्हणतो, खालचं काहीच बोलत नाही. तिथं दुभाष्याकडे पोचवायला काही नसतंच, तिथं डॉक्टरांनी पाहायलाच हवं. आणि मी दुभाषी असताना निदान सुचवायला जाऊ नये. "मला वाटतं पीळ असेल" हे माझं काम नाही. "गोटी वर चढली आहे" एवढं पोचवणं हे आहे.

तुमच्याकडे माझं मागणं थोडं आहे. दर पाळीला कॅज्युअल्टीत कन्नड जाणणारा एक माणूस कोण, हे नावानिशी फळ्यावर असावं, आणि हे काम त्याच्या कामाच्या तासांत धरलं जावं, उपकार म्हणून नाही. त्या माणसाला पहिल्या आठवड्यात शब्दांची वही वाचायला बसवावं. पुढून-मागून शरीराच्या रेखाचित्राच्या शंभर झेरॉक्स प्रत्येक ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये असाव्यात. आणि केसपेपरवर "रुग्णाच्या शब्दांत तक्रार" अशी एक रिकामी ओळ छापून घ्यावी. छपाई तुम्ही दरवर्षी करताच, त्यात एक ओळ वाढेल.

माझी वही मी फोटो काढून ज्या रुग्णालयाला हवी त्याला देईन. जतची कन्नड आणि मिरज-तासगावकडचे शब्द त्यात बऱ्यापैकी आहेत. खानापूर, आटपाडी आणि पलीकडे माण-खटावकडचे कमी पडतात, विशेषतः बायकांच्या दुखण्याचे. ती पानं मी रिकामी ठेवली आहेत. ती तुमच्या वॉर्डातल्या मावशींकडून भरून घ्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका आणि दुभाषी,
मिरज